संदर्भसूचीतल्या बनावट नोंदी: कशा ओळखायच्या, कशा तपासायच्या

शोधप्रबंध हातात आला की बहुतेक परीक्षक संदर्भसूची शेवटी पाहतात, आणि तीही चाळल्यासारखी. स्वल्पविराम जागेवर आहेत का, तिरपा टाइप दिलाय का, एवढं बघून पान उलटतात. वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर इथे मदतीला येत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे साम्य मोजताना संदर्भ आणि ग्रंथसूची वगळायची असते. म्हणजे ‘साम्य ४ टक्के’ असा अहवाल जोडलेल्या प्रबंधातही अर्धी सूची काल्पनिक असू शकते, आणि त्या अहवालाला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय अस्तित्वातच नसलेल्या लेखाचं साम्य जुळणार तरी कशाशी?

हा लेख नव्याने मार्गदर्शक झालेल्या प्राध्यापकांसाठी, महाविद्यालयीन नियतकालिकांच्या संपादकांसाठी आणि स्वतःची सूची सादर करण्यापूर्वी तपासू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इंटरनेट, कागद आणि पेन्सिल एवढ्यावर काम होतं.

मशीन नोंद कशी ‘रचतं’

चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल संदर्भ लिहितं तेव्हा ते कपाटातून कार्ड काढत नाही. आधीच्या शब्दांनंतर काय येण्याची शक्यता जास्त, या हिशेबाने ते एकेक तुकडा मांडत जातं. विषय मराठवाड्यातलं पाणी असेल तर त्या विषयावर लिहिणाऱ्यांची आडनावं येतात, त्या क्षेत्रातलं खरं नियतकालिक येतं, शोभेलसं शीर्षक येतं आणि खंड-अंक-पृष्ठांच्या जागी आकडे येतात. प्रत्येक तुकडा शक्यतेतला असतो, पण ते सगळे एकाच छापील लेखातून आलेले नसतात.

तपासणीचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे. माणसाच्या हातून चूक होते तेव्हा एक धागा तुटतो: वर्ष चुकतं, किंवा पृष्ठ ५४ चं ४५ होतं. बाकीचे धागे धरून गेलं की खरा लेख सापडतो. रचलेल्या नोंदीत लेखक एकीकडे नेतो, खंड दुसरीकडे, डीओआय तिसरीकडे. म्हणून ‘चूक आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘बाकीचे धागे कुठे जातात’ हेही बघावं लागतं.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेला एक अभ्यास उपयोगी आहे. त्यात जीपीटी-३.५ ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के पूर्ण काल्पनिक निघाले. जे संदर्भ खरे होते त्यांतही अनुक्रमे ४३ आणि २४ टक्के नोंदींत ठळक चुका होत्या. इंटरनेटवर शोधून उत्तर देणाऱ्या नव्या साधनांत नोंदी खऱ्या असण्याची शक्यता जास्त असते. तिथे गडबड वेगळी होते: लेख खरा, पण त्यात ते विधानच नाही. त्याबद्दल शेवटी.

पायरी १: आधी कुठल्या नोंदी उचलायच्या

ऐंशी नोंदींची सूची एका बैठकीत तपासायला घेऊ नका. कंटाळा येतो आणि विसाव्या नोंदीनंतर नजर सैल होते. आधी दहा निवडा. ज्यांच्यावर प्रकरणातलं एखादं ठोस विधान किंवा आकडेवारी उभी आहे अशा चार-पाच, संपादित ग्रंथातल्या प्रकरणांच्या दोन-तीन, आणि उरलेल्या भारतीय भाषांतल्या किंवा स्थानिक नियतकालिकांतल्या. विषयातल्या सर्वश्रुत ग्रंथांवर वेळ घालवू नका. ते मशीनही सहसा बरोबर लिहितं, कारण त्यांचे उल्लेख हजारो ठिकाणी झालेले असतात. बनावट माल कमी उद्धृत होणाऱ्या, नेमक्या विषयावरच्या लेखांच्या रूपात येतो. शीर्षक प्रबंधाच्या विषयाशी संशयास्पद वाटावं इतकं तंतोतंत जुळतं.

दहापैकी दोन नोंदी सापडल्या नाहीत तर मात्र पूर्ण सूची तपासायची. त्याला पर्याय नाही.

निवड करतानाच दुव्यांकडे एक नजर टाका. दुव्याच्या शेपटाला पुढच्यासारखं काही चिकटलेलं असेल, किंवा मजकुरात `oaicite` किंवा `turn0search0` असे तुकडे राहून गेले असतील, तर तो भाग चॅटजीपीटीतून उचललेला आहे.

```
?utm_source=chatgpt.com
```

पण एवढ्यावर नोंद बनावट ठरत नाही. कुणी त्या साधनाने खरा लेख शोधून दुवा तसाच चिकटवलेला असू शकतो. हे तपासणीचं निमित्त समजा, निकाल नव्हे.

पायरी २: डीओआय उघडा, आणि वाचाही

डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा क्रमांक. तो `10.` ने सुरू होतो; तिरप्या रेघेच्या आधीचा भाग क्रमांक घेणाऱ्या प्रकाशनसंस्थेचा, नंतरचा त्या लेखाचा. `https://doi.org/` च्या पुढे तो चिकटवून उघडा. तीनपैकी एक घडतं.

एक: तोच लेख उघडतो. शीर्षक, पहिला लेखक आणि वर्ष जुळवून पुढे जा.

दोन: ‘DOI Not Found’ असं पान येतं. लगेच शिक्का मारू नका. शेवटी पूर्णविराम चिकटला आहे का, पीडीएफमधून उचलताना ओळ तुटून मध्ये जागा पडली आहे का, शून्याच्या जागी ओ आलाय का, ते बघा. जेस्टोरच्या दुव्यातला आकडा डीओआय समजून लिहिण्याची चूक माणसंही करतात आणि तो उघडेलच असं नसतं.

तीन: भलताच लेख उघडतो. ही सगळ्यात बोलकी खूण. समाजशास्त्राच्या नोंदीतला डीओआय यकृताच्या आजारावर नेत असेल, तर टंकदोषाचं स्पष्टीकरण तोकडं पडतं, कारण एक आकडा चुकला तर बहुधा त्याच नियतकालिकातला शेजारचा लेख उघडतो किंवा काहीच उघडत नाही.

बऱ्याच डीओआयमध्ये नियतकालिकाचं नाव लपलेलं असतं, ते ओळखायची सवय लावून घ्या. एल्सेव्हिअरचा उपसर्ग `10.1016` आणि पुढे `j.worlddev` असेल तर तो लेख ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’चा. टेलर अँड फ्रान्सिसचा उपसर्ग `10.1080`, आणि त्यापुढे बरेचदा नियतकालिकाचा आठ अंकी आयएसएसएन येतो. `03066150` दिसलं की ‘जर्नल ऑफ पेझंट स्टडीज’. नोंदीत एक नियतकालिक आणि डीओआयमध्ये दुसरं असेल, तर न उघडताही विसंगती पकडता येते. सगळेच प्रकाशक असे बोलके क्रमांक देत नाहीत, त्यामुळे नुसते आकडे दिसले म्हणून शंका घेऊ नका.

डीओआय नोंदवून घेणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडची माहिती थेट पाहायची असेल, किंवा डीओआयच नसताना शीर्षकावरून शोधायचं असेल, तर ब्राउझरमध्ये हे पत्ते चालतात:

```
https://api.crossref.org/works/<DOI>
https://api.crossref.org/works?query.bibliographic=<title>&rows=3
```

दुसऱ्या पत्त्याबाबत एक सावधगिरी. क्रॉसरेफ रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. हुबेहूब सापडलं नाही तर जवळपासचं काहीतरी वर आणून ठेवतं. पहिला निकाल म्हणजे ‘सापडलं’ असं धरू नका, शीर्षक शब्दशः जुळवा. आणि पहिला पत्ता काहीच देत नसेल तर `https://doi.org/doiRA/` च्या पुढे डीओआय लिहून तो कोणत्या संस्थेकडे नोंदलेला आहे ते बघा. झेनोडोसारख्या भांडारांचे क्रमांक डेटासाइटकडे असतात, क्रॉसरेफकडे नव्हे.

पायरी ३: खंड आणि वर्षाचं गणित

बहुतेक नियतकालिकं वर्षाला एक खंड काढतात, त्यामुळे वर्ष आणि खंड यांचं नातं ठरलेलं असतं. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाने पहिला खंड १९६६ चा. म्हणून वर्षातून १९६५ वजा केले की खंड मिळतो. २०१५ चा ५० वा, २०२० चा ५५ वा. ‘मॉडर्न एशियन स्टडीज’चा पहिला खंड १९६७ चा, तिथे १९६६ वजा करायचे. ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’सारखी काही नियतकालिकं अलीकडे वर्षात अनेक खंड काढतात, तिथे हे गणित चालत नाही, त्यांच्या संकेतस्थळावरची खंडांची यादी बघावी.

आता एक नोंद घेऊन पूर्ण तपासून पाहू. ही नोंद मुद्दाम रचलेली आहे. लेखक आणि लेख दोन्ही काल्पनिक आहेत.

```
Kale, R., & Shinde, V. (2014). Groundwater Markets and
Women's Labour in Drought-Prone Marathwada.
Economic and Political Weekly, 52(18), 45-53.
https://doi.org/10.1016/j.worlddev.2014.05.012
```

पहिल्या नजरेत काही खटकत नाही. विषय ईपीडब्ल्यूत शोभणारा, आडनावं इकडचीच, लेखाची लांबी नऊ पानं, तीही बेताची. आता पेन्सिल घ्या.

२०१४ वजा १९६५ म्हणजे ४९. नोंदीत ५२ आहे. ५२ वा खंड २०१७ चा. कदाचित विद्यार्थ्याने वर्ष चुकवलं असेल, कदाचित खंड. म्हणून दोन्ही शक्यता तपासायच्या. ईपीडब्ल्यू दर शनिवारी निघतं. ४९ व्या खंडाचा १८ वा अंक ३ मे २०१४ चा आणि ५२ व्या खंडाचा १८ वा अंक ६ मे २०१७ चा. ईपीडब्ल्यूच्या संकेतस्थळावर किंवा ग्रंथालयातून जेस्टोरवर दोन्ही अंकांची अनुक्रमणिका उघडा आणि ४५ ते ५३ या पानांवर काय आहे ते पाहा. त्या पानांच्या मध्येच दुसरा लेख सुरू होत असेल, तर ही नोंद त्या अंकात बसूच शकत नाही. दोन्ही अंकांत हे शीर्षक नसेल तर खंड-वर्षाचा धागा संपला.

मग डीओआय. तो उघडला किंवा नाही उघडला, तरी त्यातलं `worlddev` सांगतं की हा क्रमांक दुसऱ्याच नियतकालिकाच्या साच्याचा आहे. मशीनने ‘विकास, २०१४, डीओआय’ या शब्दांबरोबर नेहमी दिसणारा साचा घेऊन शेवटचे आकडे भरले, असा याचा सरळ अर्थ लागतो.

मग शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचं, आधी पूर्ण, नंतर मधले पाच-सहा शब्द. आणि शेवटी लेखक: दोघांपैकी एकाच्या तरी प्रकाशनांच्या यादीत मिळतंजुळतं काही आहे का? इथेही हाती काही लागलं नाही, तर चार धागे चार दिशांना गेले. एकट्या चुकीच्या खंडावरून हे म्हणता आलं नसतं. हाच लेख ४९ व्या खंडात थोड्या वेगळ्या पानांवर सापडला असता, तर ती साधी हलगर्जी ठरली असती आणि विषय तिथेच मिटला असता.

जुन्या अंकांसाठी पृष्ठांचीही एक खूण आहे. १९९० च्या दशकात ईपीडब्ल्यूची पानं वर्षभर सलग मोजली जात, त्यामुळे ऑक्टोबरातल्या लेखाचे पृष्ठांक चार आकडी असतात. १९९५ च्या ४० व्या अंकात ‘पृ. ४५–५३’ दिसलं, तर ज्याने अंक हाताळला त्याने ते लिहिलेलं नाही.

पायरी ४: गुगल स्कॉलरवर सापडलं म्हणजे झालं, असं नाही

स्कॉलरच्या निकालांत काही नोंदींच्या आधी `[CITATION]` असं लिहिलेलं असतं आणि शीर्षकावर दुवा नसतो. याचा अर्थ स्कॉलरला तो लेख मिळालेला नाही. दुसऱ्या कुणाच्या सूचीत त्याचा उल्लेख मिळाला आहे. एका प्रबंधातली बनावट नोंद दुसऱ्याने उचलली की ती इथे उगवते, आणि तिसऱ्याला वाटतं, आहे की स्कॉलरवर!

हा रोग एआयच्या आधीपासूनचा आहे. एल्सेव्हिअरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ (२०००, खंड १६३, पृ. ५१–५९) अशी नोंद होती. लेख नाही, नियतकालिक नाही, सगळं नमुन्यापुरतं. अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली दाखवून दिलं की या नसलेल्या लेखाला वेब ऑफ सायन्समध्ये जवळपास ४०० उद्धरणं मिळाली होती. बहुतेक ठिकाणी साच्यातला नमुना पुसायचा राहून गेला होता, एवढंच. म्हणून बनावट नोंद सापडली की ‘एआयने लिहिलं’ हे वाक्य लगेच उच्चारू नये. सिद्ध एवढंच होतं की हा लेख लेखकाने वाचलेला नाही.

पुस्तकं आणि मराठी स्रोत

संपादित ग्रंथातलं प्रकरण ही लपायची उत्तम जागा. ग्रंथ खरा, संपादक खरे, प्रकाशक खरा, फक्त ते प्रकरण त्यात नाही. ग्रंथाचं नाव ग्रंथालयाच्या तालिकेत सापडल्यावर तपासणारा समाधानाने पुढे जातो, आणि इथेच फसतो. प्रकाशकाच्या पानावरची किंवा गुगल बुक्सवरची अनुक्रमणिका उघडून प्रकरणाचं नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खूण करू नका.

आयएसबीएन दिला असेल तर शेवटचा अंक पडताळता येतो. पहिले बारा अंक आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. ९७८-९३-५१२३-४५६-७ असा क्रमांक घ्या: बेरीज १२८ येते, म्हणजे शेवटी २ हवा; ७ असल्याने क्रमांक चुकीचा. नुसता अंदाजाने लिहिलेला क्रमांकही दहात एकदा या कसोटीत बसतो, तेव्हा उत्तीर्ण झाला म्हणून खरा मानू नका. भारतीय प्रकाशनांचे क्रमांक सहसा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात.

प्रबंधांचे संदर्भ शोधगंगेवर पाहावेत, पण सगळ्या विद्यापीठांचे सगळे जुने प्रबंध तिथे नाहीत.

मराठी स्रोतांच्या बाबतीत उलटी काळजी घ्यावी लागते. जुन्या मराठी पुस्तकाला आयएसबीएन नसतो, मासिकातल्या लेखाला डीओआय नसतो, आणि तालिकांत नावं रोमन लिपीत वाट्टेल तशी लिहिलेली असतात. ‘ज्ञान’ हा शब्द `jnana`, `dnyan` आणि `gyan` अशा तिन्ही रूपांत शोधून पाहावा लागतो. इंटरनेटवर न सापडणं हा इथे पुरावाच नव्हे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी किंवा विद्यापीठाचं ग्रंथालय यांच्याकडे विचारणा करा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जायला हवी, तिथली तालिकाही बघा. उलट, वाईच्या ‘नवभारत’मधल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या लेखाला कुणी डीओआय लावलेला दिसला, तर आधी तिथेच थांबा.

चॅटबॉटला ‘हे खरं आहे का’ असं विचारू नका

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माता विरुद्ध एव्हिआंका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले. त्यातल्या एकाने ते खरे आहेत का, हे चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि होकार मिळाला होता. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलरचा दंड केला. ‘एआय ओळखणारी’ सॉफ्टवेअरंही इथे कामाची नाहीत. ती टक्केवारी सांगतात, जिच्यावर वाद घालता येतो; ‘या अंकाच्या पान ४५ वर दुसराच लेख आहे’ यावर वाद होत नाही.

पायरी ५: लिहून ठेवा, मग विचारा

प्रत्येक संशयित नोंदीसाठी एका ओळीत चार गोष्टी लिहा: नोंद जशीच्या तशी, कुठे कुठे शोधलं, काय सापडलं, तारीख. डीओआयच्या पानाचा आणि अनुक्रमणिकेचा स्क्रीनशॉट जोडा. निष्कर्षाच्या रकान्यात ‘बनावट’ न लिहिता ‘सापडली नाही’ किंवा ‘विसंगत’ लिहा.

विद्यार्थ्याला विचारताना आरोप करू नका, प्रत मागा: “या पाच लेखांची पहिली पानं आणि तुम्ही वापरलेली पानं उद्या घेऊन या.” ज्याने वाचलंय त्याच्याकडे पीडीएफ असते, झेरॉक्स असते, निदान ग्रंथालयाचं नाव असतं. “सर, डीओआय चुकून पडला असेल” असं उत्तर आलं तर बरोबर डीओआय शोधून आणायला सांगा; खरा लेख असेल तर ते पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्याच्या सूचीतून न वाचता उचललं असेल तर कुणाच्या, ते विचारा. तो दोष वेगळा आहे, आणि त्याची नोंदही वेगळी करायची.

सगळं जुळलं, तरी एक तपासणी उरते

लेख खरा, डीओआय बरोबर, पानं बरोबर, आणि तरीही प्रबंधातलं विधान त्या लेखात नाही. नव्या साधनांनी लिहिलेल्या मजकुरात हीच गडबड शोधायची असते, आणि ती वरच्या एकाही पायरीत पकडली जात नाही. दहापैकी तीन नोंदींचा मूळ मजकूर उघडा. विधानात आकडा असेल तर पीडीएफमध्ये तो आकडाच शोधा. आकडा नसेल तर दिलेलं पान वाचा, आणि पान दिलेलंच नसेल तर ते मागा. संपूर्ण लेखाकडे मोघम बोट दाखवून एखादं अगदी नेमकं विधान केलेलं असेल, तर तपासायला सुरुवात तिथून करा. सारांश आणि निष्कर्ष एवढंच वाचून भागवू नका. मशीन बरेचदा सारांशातलं वाक्य बरोबर घेतं आणि त्याला लेखात नसलेला जिल्हा, वर्ष किंवा टक्केवारी जोडून देतं.